सांगितलं असतंस तर केलं असतं

"ताई, लग्नाला ९ वर्षं झाली, मुलगी ६ वर्षांची, ठाण्यात राहतो, दोघंही नोकरी करतो. नवरा खरंच वाईट नाहीये, दारू नाही, आवाज चढवणं नाही, सांगितलेलं काम करतो. पण सांगावं लागतं. मागच्या महिन्यात मला १०२ ताप होता, तर सकाळी येऊन विचारतो, 'आज डब्याला काय द्यायचं गं?' मी उठून सांगितलं आणि परत झोपले, पण त्या दिवशी आतून काहीतरी तुटलं. हल्ली रात्री त्याने जवळ घेतलं की अंग आखडतं, मी झोपेचं सोंग घेते. ७-८ महिने झाले असतील. तो म्हणतो तुला आता मी आवडतच नाही. कामाचं बोलले की म्हणतो, मग स्वयंपाकाला बाई लावू. माझ्यातच काही बिघडलंय का?"

अगं, शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तोच तुला रात्री झोपू देत नसणार. मला नाही वाटत तुझ्यात काही बिघडलंय. तरी एकदा डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घे, डिप्रेशनच्या किंवा कुठल्याही रोजच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना सांग, आणि संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही न लाजता सांग, कारण या सगळ्यानेही इच्छा जाते आणि त्यावर उपाय असतात. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी त्या तापातल्या डब्यापाशीच थांबले.

बुधवारच्या डब्याला मटकीची उसळ द्यायचीय असं समज. फोडणी द्यायला १५ मिनिटं. पण मटकी सोमवारी रात्री भिजत घालावी लागते, मंगळवारी सकाळी ऑफिसच्या घाईत उपसून फडक्यात बांधावी लागते, तेव्हा कुठे बुधवारी सकाळी मोड दिसतात. आणि सोमवारी रात्री ते आठवायचं तर रविवारीच डोक्यात पाहिजे की मटकी संपत आलीय, सोमवार-मंगळवार पोळी-भाजी झाली की बुधवारी लेक नाक मुरडणार, आणि गुरुवारी शाळेत काहीतरी कार्यक्रम आहे तर त्या दिवशी कोरडा खाऊ लागेल. आता तुझ्या नवऱ्याने बुधवारी सकाळी उठून ती फोडणी दिली तर घरातले सगळे म्हणणार, बघा, किती मदत करतो! आणि तुला छान वाटायच्या ऐवजी राग येणार, आणि मग राग आला म्हणून अपराधी वाटणार. त्याने केलं ते शेवटच्या १५ मिनिटांचं काम. आधीचे अडीच दिवस तुझ्या डोक्यात गेले ते कुणाला दिसलेच नाहीत, त्यालाही नाहीत, आणि मला वाटतं तुलाही धड नाहीत, नाहीतर तू मला 'माझ्यात काय बिघडलंय' असं विचारलंच नसतंस.

अॅलिसन डेमिंजर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये यावरच एक अभ्यास छापला, जोडप्यांशी बोलून. त्यांनी या डोक्यातल्या कामाचे चार भाग केले: काय लागणार हे आधी ओळखणं, त्यासाठी काय काय करता येईल ते शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यांना दिसलं की ठरवण्यात नवरा-बायको बऱ्यापैकी बरोबरीने असतात, पण आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं हे बहुतेक बायकांकडेच. म्हणूनच 'सगळं तर आपण मिळून ठरवतो' असं नवऱ्यांना अगदी मनापासून वाटतं, ते खोटं बोलत नसतात. आपल्याकडे सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या २४ तासांचा हिशेब घेतला होता, पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि ऑफिसची लोकल पकडून उभ्या उभ्या तू मटकीचा विचार करतेस तो वेळ त्या खणात 'प्रवास' म्हणूनच जाणार.

आता रात्रीचं. इच्छेबद्दल काम करणारे सेक्सोलॉजिस्ट एक साधी गोष्ट सांगतात, की शरीरात अॅक्सिलरेटर असतो तसा ब्रेकही असतो, आणि लांबच्या नात्यात बऱ्याच जणींचा अॅक्सिलरेटर नीट असतो पण पाय ब्रेकवर दाबलेला असतो. मग नवरा नवी साडी आणतो, महाबळेश्वरचं बुकिंग करतो, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबतो, आणि गाडी जागची हलत नाही. तुझा ब्रेक कुठला? एक तर डोकं चालूच असतं, दूध तापवलं का, युनिफॉर्म वाळला का, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या शुक्रवारी संपतायत. पण त्याहून मोठा दुसरा आहे. जो माणूस दिवसभर तुला विचारतो काय करू, कुठे ठेवू, कसं करू, त्याची तू हळूहळू आई होत जातेस. त्याचं ऑफिसात बिनसलं की घरात आवाज कमी ठेवणं, त्याच्या बहिणीचा वाढदिवस त्याला आठवण करून देणं, त्याच्यात आणि त्याच्या आईत मध्ये पडणं, हेही तूच करत असणार, पत्रात नसलं तरी. आणि ज्याला दिवसभर सांभाळायचं त्याच्याबद्दल रात्री ओढ वाटत नाही गं, माया वाटते फार तर, आणि राग साठला की तीही आटते. २०२२ मध्ये पुरुष जोडीदार आणि मुलं असलेल्या बायकांवरचा एक अभ्यास आला त्यातही हेच दिसलं, घरकामाचा वाटा जितका विषम तितकी जोडीदाराबद्दलची इच्छा कमी, आणि त्यात 'हा माझ्यावर अवलंबून आहे' असं वाटण्याचा मोठा हात. अशा अभ्यासातून कशामुळे काय झालं हे शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण मला येणाऱ्या पत्रांत हे इतक्या वेळा असतं की मला तरी नवल वाटलं नाही.

बाई लावायचं म्हणशील तर जरूर लावा, पोळ्यांचा तास वाचेल. पण त्या मावशी उद्या येणार नाहीत हा फोन कुणाला येणार? भाजी काय करायची हे त्या कुणाला विचारणार? तुलाच. म्हणजे विचारणारं अजून एक माणूस वाढलं. त्यामुळे बाई लावलीत तर तिचं सगळं, सुट्ट्या, पगार, मेन्यू, नवऱ्याने बघायचं, हे आधीच ठरव.

त्याच्याशी बोल, पण रात्री नको, बिछान्यात तर अजिबात नको, आणि भांडणाच्या तोंडावरही नको. शनिवारी सकाळी लेक आजीकडे असताना, चहा घेऊन. आणि कामांची मोठी यादी काढून बसू नकोस, नाहीतर तो प्रत्येक ओळीवर वाद घालेल आणि तू रडशील. एकच गोष्ट दे, पण अख्खी दे. डबा. साधारण असं बोल: 'मला मदत नकोय. डबा आजपासून तुझा. काय द्यायचं ते तू ठरवायचं, सामान संपलं की तू आणायचं, शाळेच्या ग्रुपवर खाऊचं काही आलं तर तू वाचायचं, आणि मला विचारायचं नाही.' आणि दुसरी गोष्टही सांग, ती जास्त अवघड आहे: 'तू आवडत नाहीस असं नाहीये. मी दिवसभर तुझी मॅनेजर असते आणि रात्री मला बायको होता येत नाही.' हे त्याला कळायलाच हवं, कारण आत्ता तो स्वतःला नाकारलेला समजून गप्प बसतोय आणि तू त्याचा तो रुसवाही सांभाळतेयस.

पहिल्या दोन आठवड्यांत काय होईल ते आधीच सांगून ठेवते. तो तीन दिवस ब्रेड-जॅम देईल. एक दिवस डबा विसरेल आणि शाळेतून फोन येईल, तेव्हा 'बाबांना कळवा' एवढंच म्हण. तो किचनमधून ओरडेल, अगं गूळ कुठेय, तर 'बघ ना, असेल' म्हणून आपलं आवरत राहा. सासूबाई म्हणतील, दिवसभर दमून येतो बिचारा. त्यांना उत्तर त्याने द्यायचं, तू नाही. आणि सगळ्यात कठीण म्हणजे तुझे स्वतःचे हात. त्याने चिरलेली भेंडी जाड झाली म्हणून परत चिरायची नाही, त्याने घासलेला डबा मागून विसळायचा नाही. मी स्वतः हे वर्षानुवर्षं केलंय, नवऱ्याने वाळत घातलेले कपडे त्याची पाठ वळली की परत झटकून घालायचे, आणि मग म्हणायचं हा काहीच करत नाही. त्याने सोडूनच दिलं मग, कोण नाही सोडणार?

तो महिनाभर प्रामाणिकपणे करायला लागला की डब्यासारखंच सासूबाईंची औषधं आणि डॉक्टर त्याच्याकडे दे, त्याची आई आहे, त्यांनाही बरं वाटेल. जमतंय हे कसं ओळखशील? एखाद्या दुपारी ऑफिसात एकदम लक्षात येईल की आज डब्यात काय होतं हे तुला माहीतच नाही. आणि हे सगळं करूनही तो प्रत्येक वेळी 'सांग ना काय करू' वरच परत येत असेल, वा मुद्दाम वाईट करून तुझ्याच गळ्यात परत घालत असेल, तर प्रश्न न दिसण्याचा नाहीये, त्याला ते करायचंच नाहीये, आणि मग दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा, मला परत लिहीत बसू नकोस.

आणि त्या रात्रींचं. सहा आठवडे संबंध नाहीत असं दोघांनी उघड ठरवा. आत्ता त्याने खांद्यावर हात ठेवला तरी तुझं शरीर पुढचं सगळं गृहीत धरून आखडतं, म्हणून साधा स्पर्शही बंद झालाय तुमच्यात. पुढे काही होणार नाही हे पक्कं माहीत असलं की निदान डोकं त्याच्या खांद्यावर टेकता येईल, टीव्ही बघताना पाय त्याच्या मांडीवर टाकता येतील. एक गोष्ट मात्र होऊ देऊ नकोस, 'आज भांडी मी घासली ना, मग?' हे. काम केल्याबद्दल शरीर मिळतं असा हिशेब सुरू झाला की परत सगळं बिघडेल, कारण तेही एक कामच होऊन बसेल तुझ्यासाठी. इच्छा सहा आठवड्यांत परत येईलच असं मी सांगत नाही. कधी कधी आधी राग उतरतो, मग एक दिवस त्याचं काहीतरी बोलणं ऐकून हसू येतं, आणि बाकीचं त्याच्या बरंच मागून येतं. मनाविरुद्ध हो म्हणून ते लवकर येत नाही, त्यामुळे सहा आठवडे संपले तरी नको असेल तर नको म्हण.

आणि मटकी दोन रात्री आधी भिजत घालायची असते हे त्याला सांग हं, ते खरंच माहीत नसेल त्याला. फक्त एकदाच सांग.

तुझी,
ताई