हळदीच्या पेठेत फोल्डेबल?

मित्रा, मधोमध घडी होणारा फोल्डेबल फोन घ्यावा का, असं विचारलंस. सांगलीच्या मार्केट यार्डात दिवसभर हळदीच्या पोत्यांत वावरणार असशील, तर आधी बिजागरीचा विचार कर. कंपन्या दोन लाख घड्यांची चाचणी सांगतात. रोज शंभरदा उघडलास तरी साडेपाच वर्षं निघतात, म्हणजे नुसत्या उघडझापीने ती जात नाही. तिला मारते ती धूळ. खोक्यावर धूळ-पाण्यापासून बचावाचा IP48 हा दर्जा असेल, तर त्यातला 4 एवढंच सांगतो की एक मिलिमीटरपेक्षा मोठा कण आत जाणार नाही. हळदीची पूड त्याहून कितीतरी बारीक! धूळ पूर्ण अडवणारा IP68 वाला फोल्डेबलही मिळतो, तोच बघ. उघडताना करकर आवाज आला किंवा घडीपाशी स्क्रीनवरच्या फिल्मखाली फुगा दिसला, तर थेट सर्व्हिस सेंटर गाठ. ती फिल्म स्वतः सोलू नकोस, स्क्रीन जाईल.

घडीची रेघ? दुकानात स्क्रीन बंद करून तिरपी धर, दिसेलच. वापरताना समोरून फारशी जाणवत नाही, उन्हात मात्र डोळ्यांत येते.

आडत्याच्या हिशेबाचे लांबलचक तक्ते फोनवरच बघणाऱ्याला मोठा स्क्रीन खरंच कामाचा. तुझं सगळं व्हॉट्सअ‍ॅप आणि कॉलवरच चालतं ना? मग साधाच घे.