वेफर्सच्या पाकिटावर भाव नेमका कसा छापायचा?

प्रश्न: जळगावला केळी वेफर्स पॅक करून विकतो, २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो, २ किलो. सगळ्यांवर किलोचा भाव टाकला तर चालेल का?

नाही चालणार, १ किलोपेक्षा कमी पाकिटावर प्रति ग्रॅम आणि जास्त असेल तर प्रति किलो भाव लागतो, वजनमापाच्या २०११ च्या पॅकिंग नियमांत नंतर दुरुस्ती करून हे टाकलंय. म्हणजे २०० ग्रॅमची एमआरपी ७० रुपये असेल तर ७० भागिले २००, ०.३५ रुपये प्रति ग्रॅम, ५०० ग्रॅम १६५ ला तर ०.३३, आणि २ किलो ६२० ला तर ३१० रुपये प्रति किलो, दोन दशांशांपर्यंतच. बरोबर १ किलोच्या पाकिटावर वेगळा लिहायची गरज नाही, एमआरपी तीच असते ना.

एमआरपीपुढे ‘सर्व करांसहित’ हवंच, ‘जीएसटी वेगळा’ छापलं की फसलात. निव्वळ वजनात पिशवी धरू नका आणि ‘अंदाजे’ तर अजिबात लिहू नका.

गिऱ्हाईकाला ०.३५ वरून काही कळत नाही हे खरंय, म्हणून दुकानातल्या पाटीवर ३५० रुपये किलो असं खुशाल लिहा, पाकिटावर मात्र ग्रॅमच. समोर तोलून दिलेल्या सुट्या मालाला हे लागू नाही.