चौकटीतल्या गोष्टीबद्दल

प्रिय मित्रा,

कादंबरीचा मसुदा वाचला. रेल्वेतला म्हातारा प्रवासी समोरच्या तरुणाला गोष्ट सांगतो, मग ती दोनशे पानं चालते आणि शेवटी स्टेशन येतं. मधली गोष्ट चांगली आहे. पण म्हाताऱ्याची पानं मी बाजूला काढून पुन्हा वाचली, तर गोष्टीचं काहीच बिघडलं नाही. गोष्टीभोवतीची चौकट कच्ची असल्याची हीच खूण.

उपदेश करण्याऐवजी वेताळ पंचविशीचं उदाहरण देतो. लहानपणी सगळ्यांनी वाचलेली असते, म्हणून तिची रचना कोणी नीट पाहत नाही. मी सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तलं, अकराव्या शतकातलं रूप धरतोय. राजाला झाडावरचं प्रेत खांद्यावरून एका भिक्षूकडे न्यायचं आहे, तेही न बोलता. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याचं डोकं फुटेल. बोलला तर मौन मोडेल आणि वेताळ परत झाडावर जाईल. म्हणजे मौन पाळण्याची एकच सुरक्षित वाट उरते: उत्तर खरोखर माहीत नसणं.

ही अट आतल्या गोष्टीला काय करते, ते डोकी बदललेल्या माणसांच्या कथेत दिसतं. धवल नावाचा धोब्याचा मुलगा, बायको मदनसुंदरी आणि तिच्या भावासह जाताना वाटेतल्या देवळात शिरतो आणि देवीला आपलं शिर वाहतो. त्याला शोधत आलेला मेहुणाही तेच करतो. मदनसुंदरी गळफास घ्यायला निघते, तेव्हा देवी प्रसन्न होऊन सांगते, डोकी धडांना लाव, दोघं उठतील. घाईत ती अदलाबदल करते. दोघं जिवंत होतात आणि गोष्ट तिथेच थांबते. वेताळ विचारतो, नवरा कोणता? राजा म्हणतो, ज्याला नवऱ्याचं डोकं आहे तो, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. वेताळ झाडावर परत.

आता बघ, काय काय गायब झालं. ती बाई कोणाबरोबर घरी गेली? भावाच्या धडाशी तिचा संसार कसा झाला? मेहुण्याच्या डोक्याला काय वाटलं? कुठल्याही लेखकाची खरी गोष्ट इथून सुरू झाली असती. पण या चौकटीला गोष्टीचा शेवट नको, निकाल हवा. ऐकणारा राजा आहे, निवाडा करणं हा त्याचा धर्म, म्हणून घरातला आकांत त्याच्यापर्यंत खटला होऊनच पोहोचतो. गोष्ट बरोबर त्या जागी कापली जाते जिथे प्रश्न सर्वात धारदार असतो. याला मी दोष म्हणत नाही, पण ही किंमत आहे खरी.

उलट बाजूनं आतल्या गोष्टी चौकटीलाही पुढे ढकलतात. नाव पंचविशी असलं तरी प्रश्न चोवीस. पंचविसावा भाग म्हणजे चौकटीचाच शेवट. चोविसाव्या कथेत एक बाप-लेक एका मायलेकींशी लग्न करतात, पण उलटे: बाप त्यातल्या मुलीशी आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला सुचत नाही. तो गप्प राहतो, आणि म्हणूनच प्रेत जागेवर पोहोचू शकतं. मग वेताळ खूश होऊन सांगून टाकतो की भिक्षू तुझाच बळी देणार आहे. इतका वेळ दोषी कोण हे दुसऱ्यांच्या गोष्टींत ठरवणारा राजा आता स्वतःच एका गोष्टीत उभा असतो. (‘डोकं टिकवण्यासाठी गोष्ट’ म्हटलं की सगळ्यांना ‘अरेबियन नाइट्स’मधली शहरजाद आठवते. इथे मात्र जीव ऐकणाऱ्याचा टांगणीला आहे, आणि मला ही कल्पना जास्त अवघड वाटते.)

म्हाताऱ्याला काढून टाकू नकोस, पण त्याला काहीतरी हवं असू दे. त्या तरुणाकडून त्याला कबुली हवी आहे, की तरुण पुढच्या स्टेशनवर उतरायला नको आहे? हे ठरलं की तो गोष्टीत कुठे रेंगाळेल आणि काय लपवेल ते आपोआप ठरेल. तुझी दोनशे पानं कदाचित एकशेवीस होतील. आत्ता तो सगळं सारख्याच प्रामाणिकपणे सांगतोय. इतकं निःस्वार्थीपणे सांगायचं असेल तर साधा तृतीयपुरुषी निवेदक पुरे.

चौकट बदलून बघायची असेल तर गिरीश कार्नाडांचं ‘हयवदन’ हे नाटक वाच. डोकी बदलण्याची तीच कथा, मधे जर्मन लेखक टॉमस मानच्या हातून गेलेली. वेताळ नाही, राजा नाही, त्यामुळे निकाल लागल्यावरही नाटक चालूच राहतं: धडं हळूहळू आपापल्या डोक्यांसारखी होत जातात आणि नायिका पद्मिनीच्या हाती काहीच उरत नाही. बाहेरच्या चौकटीत आहे घोड्याचं तोंड असलेला माणूस. पूर्ण माणूस व्हायला निघालेला हा गडी शेवटी पूर्ण घोडा होतो, आणि आपण हसतो. आतल्या तिघांच्या पूर्णत्वाच्या हट्टाकडे आपण मग त्याच हसऱ्या, थोड्या क्रूर नजरेनं बघू लागतो.

तुझा,
एक जुना वाचक