वायफायचं नाव लपवलं की झालं का काम?

प्रश्न: राउटरमधे Hide SSID ऑन केलंय, आता शेजाऱ्यांना आपलं वायफाय दिसणार नाही ना? पासवर्ड साधाच ठेवला तर चालेल?

उत्तर: फोनच्या लिस्टमधे नाव दिसणार नाही, एवढंच. राउटर तरीही सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" असा सिग्नल सोडतच असतो, फक्त त्यातली नावाची जागा रिकामी असते. airodump-ng सारखं फुकटचं टूल लावलं की तिथे `<length: 8>` असं काहीतरी दिसतं, म्हणजे नाव किती अक्षरी आहे तेही बऱ्याचदा कळतं 😄 मग तुम्ही संध्याकाळी घरी आलात आणि फोन कनेक्ट झाला की फोनला नाव घेऊनच राउटरला हाक मारावी लागते, आणि ते नाव उघडं जातं, WPA2 सुरक्षा असली तरी, कारण एन्क्रिप्शन त्यानंतर सुरू होतं.

उलट तोटा असा की लपवलेलं नेटवर्क सेव्ह असलेला फोन बाहेर, स्टेशनवर, मॉलमधेसुद्धा ते नाव पुकारत फिरू शकतो.

त्यामुळे साधा पासवर्ड अजिबात नको. नाव दिसू दे खुशाल, WPA2 किंवा WPA3 ठेवा, पासवर्ड पंधरा-वीस अक्षरी करा, आणि WPS, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय, बंद करा.