जिनिंगवर पाहुणा व्यापारी बोलावताना

भाऊ, कोइम्बतूरच्या गिरणीवाल्यांना बोलावतोयस तर डिसेंबर-जानेवारीतच बोलाव. तेव्हा कापसाची आवक जोरात असते. बंद जिन पाहून कोणी रुईचा सौदा करत नाही.

निमंत्रणातच दिवसाचा क्रम लिही. आदल्या संध्याकाळी नागपूर विमानतळावर आपली गाडी, मुक्काम नागपुरातच. सकाळी निघाले की हिंगणघाट साधारण दीड तास. आधी कापसाचा ढीग दाखव, मग जिन, शेवटी प्रेस. गाठीतला नमुना त्यांना स्वतः काढू दे, तू निवडून देऊ नकोस. ओलावा त्यांच्यासमोरच मोज. आठ टक्क्यांच्या आसपास असला तर ते निर्धास्त होतात. परतीच्या विमानाआधी पाच तास मोकळे ठेव, कारण बैलगाड्या-ट्रॅक्टरच्या रांगेत रस्ता अडतो.

सुरक्षेचे नियमही त्याच पत्रात हवेत. माचिस, लायटर, विडी-सिगारेट फाटकावरच जमा. बंद बूट, अंगाबरोबर बसणारे कपडे. उपरणं, ओढणी, सैल बाही पट्ट्यात अडकते. तोंडाला मास्क तुझ्याकडून दे. आणि हे पाहुण्याला सांगण्याआधी तुझ्या हमालांना सांग, बाबा. फाटकाआत विडीचं एक थोटूक दिसलं, तर जाणकार खरेदीदार आगीचा धोका तिथेच ओळखतो.