जिवंत कोंबडी 140, बोनलेस 360: खरा फरक किती?

“भाऊ, आम्ही मानेवाड्याला राहतो. महिन्याला 4 किलो बोनलेस चिकन घेतो, 360 रुपये किलोनं. शेजारीण म्हणते जिवंत कोंबडी 140 नं घ्या, साडेआठशे-नऊशे सहज वाचतील. तेवढ्याची एसआयपी सुरू करू का? आणि 200 ची रोहू घेऊ की 380 चं बासाचं पाकीट?”

ताई, एसआयपीचा फॉर्म आज भरू नका. शेजारणीनं 360 मधून 140 वजा केले अन् 4 नं गुणलं, पण 140 चा भाव पिसं, आतडी, मुंडकं, पाय सगळ्यासकट आहे आणि 360 चा भाव नुसत्या मासाचा आहे, म्हणून ही वजाबाकीच जुळत नाही.

तुमच्यासाठी रविवारी मी स्वतः नागपूरच्या मंगळवारी बाजारातून एक कोंबडी घेतली, 2 किलो 100 ग्रॅम, 294 रुपये झाले. चामडी काढून, पीस करून हातात आली तेव्हा कलेजी-पोटा धरून 1 किलो 400 ग्रॅम. घरी पोळपाटावर बसून हाडं वेगळी केली, मान, पाठ, पंख यांतच बरीच निघाली, एकूण 430 ग्रॅम. उरलं 880 ग्रॅम मास आणि 90 ग्रॅम कलेजी-पोटा. म्हणजे 294 ला 970 ग्रॅम खाण्याजोगं, किलोला साधारण 303. पण तुमच्या घरी कलेजी-पोटा कोणी खात नसेल तर 294 ला 880 च धरायचं, तिथं भाव 334 होतो. आता 4 किलोवर पाहा, बचत पहिल्या हिशोबात जवळपास 228 रुपये आणि दुसऱ्यात 104. आणि हाडं सोडवायला मला 35 मिनिटं लागली, तुम्हाला महिन्याला चारेक कोंबड्या लागतील, म्हणजे दोन तासांच्या वर काम.

इथं एक चूक मी खूप जणांच्या डायरीत पाहतो. कट केलेलं स्किनलेस 230 नं मिळतं, त्यात 30 टक्के हाडं जातात, मग लोक 230 वर 30 टक्के चढवून 299 लिहितात. तसं नाही होत. हातात 700 ग्रॅम उरतं ना, मग 230 ला 0.7 नं भागायचं, येतात 329. वेस्टेज जितकं जास्त तितकी ही चूक मोठी होत जाते, आणि मासळीत तर फारच. अजून एक, दोन्ही वजनं कच्चीच घ्या. शिजल्यावर पाणी सुटून वजन उतरतं, ते बोनलेसचंही उतरतं, म्हणून एकीकडे कच्चं अन् दुसरीकडे शिजलेलं मोजलं की हिशोब फसतो. धुतलेले पीसही निथळल्यावरच काट्यावर ठेवा.

रोहूचं सांगतो. दीड किलोची 300 ला, वजन आधी होतं अन् सफाई मग. खवले, कल्ले, आतडी गेली की सव्वा किलो, त्यात मुंडकं 280 ग्रॅम, आणि काटे-चामडी काढली की नुसतं मास 700 ग्रॅमच्या आसपास. भाव पडला 429. बासाचं 1 किलोचं पाकीट मी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवलं, खाली भांडं, सकाळी बर्फाचं पाणी निघून 820 ग्रॅम उरलं, म्हणजे 463. तुमचं पाकीटही एकदा असंच तपासा, बर्फ किती निघतो ते पाकिटागणिक बदलतं. मुंडकं रस्स्यात घालत असाल तर रोहू आणखी स्वस्त पडते. पण लहान पोरं काट्यांना घाबरून निम्मं ताटात सोडत असतील, तर ते सोडलेलंही वेस्टेजमध्येच मोजा, मग बासा परवडतो.

माझं मत असं की बोनलेस पूर्ण बंद करू नका. डब्यासाठी अन् पोरांसाठी 2 किलो ठेवा. बाकी 2 किलो मासाच्या जागी दोन जिवंत कोंबड्या आणा आणि त्या सोडवत बसू नका, हाडांसकटच रस्सा करा, हाडानं रस्स्याला चव येते अन् तुमचा तासभर वाचतो. यात कलेजी खाल्ली तर महिन्याला शंभरेक रुपये सुटतील. एवढ्यावर 900 ची एसआयपी लावली तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खात्यात पैसे कमी पडून हप्ता परत जाईल आणि बँक वरून चार्ज लावेल. पोस्टाची आरडी 100 रुपयांपासून निघते, ती काढा.

त्याआधी दोन रविवार तुमच्या दुकानातली कोंबडी तुमच्याच काट्यावर मोजा, जिवंत वजन, पीसचं वजन, आणि हाडं सोडवून उरलेल्या कच्च्या मासाचं वजन. माझी कोंबडी 2 किलो 100 ची होती, दीड किलोच्या कोंबडीत मासाचा वाटा बहुतेक कमीच भरेल.