हेतू, उद्दिष्ट आणि परिकल्पना: प्रस्तावनेत गोंधळ होऊ नये म्हणून

प्रश्न: प्रयोगाच्या रिपोर्टच्या प्रस्तावनेत हेतू, उद्दिष्ट आणि परिकल्पना असं तिन्ही लिहायचं आहे. मी लिहिलं, तर शेरा आला: "एकच वाक्य तीनदा लिहिलंय." नेमका फरक कसा करायचा?

उत्तर:

मी असे बरेच रिपोर्ट तपासले आहेत, आणि हा शेरा मीही अनेकदा दिला आहे. व्याख्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक वाक्याला विचारा: प्रयोग संपल्यावर या वाक्याचं काय होणार? हेतू हा प्रश्न असतो, त्याला निष्कर्षात उत्तर मिळतं. उद्दिष्ट हे काम असतं, ते पार पडतं किंवा राहून जातं. परिकल्पना हे भाकीत असतं, ते निरीक्षणांशी जुळतं किंवा चुकतं.

एक नेहमीचा प्रयोग घेऊ. लाळेतलं अमायलेज हे विकर स्टार्चचं विघटन करतं. मिश्रणातला थेंब ठरावीक वेळाने काढून आयोडीनमध्ये टाकायचा. निळा-काळा रंग आला तर स्टार्च अजून शिल्लक आहे, रंग येणं थांबलं तर संपलं. यावर बहुतेक जण अशी प्रस्तावना लिहितात:

"तापमानाचा अमायलेजवर होणारा परिणाम अभ्यासणे हा हेतू आहे. तापमान वाढल्यास अमायलेज जलद काम करते हे सिद्ध करणे हे उद्दिष्ट आहे. तापमानाचा अमायलेजवर परिणाम होतो, ही परिकल्पना आहे."

पहिलं वाक्य चालेल, फक्त "परिणाम" कशावर ते सांगायला हवं: स्टार्चच्या विघटनाच्या वेगावर.

खरी गडबड दुसऱ्या वाक्यात आहे. "सिद्ध करणे" हे शब्द दिसले की समजायचं, उद्दिष्टात परिकल्पना घुसली आहे. समजा ६० अंश सेल्सिअसला रंग १० मिनिटांनंतरही तसाच राहिला. मग या वाक्याप्रमाणे तुमचं उद्दिष्ट फसलं. पण तुम्ही तर सगळी मोजमापं नीट घेतली आहेत! उद्दिष्ट असं हवं की निकाल कोणताही आला तरी ते पूर्ण झालं म्हणता येईल: "२०, ३०, ४०, ५० आणि ६० अंशांना रंग येणं थांबायला लागणारा वेळ, जास्तीत जास्त १० मिनिटांपर्यंत, मोजणे" आणि "१ भागिले वेळ हा वेगाचा निर्देशक धरून त्याचा तापमानाशी आलेख काढणे." आता ६० अंशांची नोंद "१० मिनिटांत स्टार्च संपलं नाही" अशी असली तरी काम झालेलं आहे. मात्र फार खालीही उतरू नका. "परीक्षानळी गरम पाण्यात ठेवणे" ही कृती आहे, तिची जागा कार्यपद्धतीत.

तिसऱ्या वाक्याचा दोष उलटा आहे. "परिणाम होतो" म्हटलं की वेग वाढला तरी बरोबर, घटला तरी बरोबर. परिकल्पनेने दिशा सांगावी आणि कोणता निकाल आला तर ती चुकीची ठरेल हे वाचणाऱ्याला दिसावं. "४० अंशांच्या आसपासपर्यंत वेग वाढेल आणि त्यापुढे घटेल; ६० अंशांना तो ४० अंशांपेक्षा स्पष्टपणे कमी असेल." ६० अंशांचा वेग ४० एवढाच किंवा जास्त आला, तर हे भाकीत चुकलं. या भाकिताचं कारण आधीच्या पार्श्वभूमीतून यायला हवं: तापमान वाढलं की रेणूंच्या टकरी वाढतात, पण एका मर्यादेपुढे विकराचा आकार बिघडतो आणि स्टार्च त्याच्या सक्रिय जागेत बसत नाही. हे कारण न देता लिहिलेली परिकल्पना निव्वळ अंदाज वाटते.

अजून एक चूक नजरेतून सहज सुटते. काही जण वरच्या परिकल्पनेऐवजी "वेग ३७ अंशांना सर्वाधिक असेल" असं लिहितात. वाक्य नेमकं आहे, पण तुमची मोजमापं १० अंशांच्या अंतराने आहेत. ४० ला सर्वाधिक वेग आला तर शिखर साधारण ३० ते ५० च्या दरम्यान आहे, एवढंच म्हणता येतं. म्हणजे ही परिकल्पना तुमच्या उद्दिष्टांनी तपासताच येत नाही. एकतर भाकीत सैल करा, नाहीतर त्या पट्ट्यात २-३ अंशांच्या अंतराने मोजायचं उद्दिष्ट जोडा. प्रस्तावना लिहून झाली की प्रत्येक परिकल्पनेसमोर तिची तपासणी करणारं उद्दिष्ट बोटाने दाखवता येतंय का ते पाहा.

आकडे हाती आल्यावर परिकल्पना बदलू नका. ती चुकली तर चर्चेत तसं लिहा, त्यासाठी गुण जात नाहीत, निदान मी तरी कापत नाही.

आणि प्रत्येक रिपोर्टला परिकल्पना लागतेच असं नाही. एखाद्या धातूची घनता काढायची असेल किंवा तळ्यातल्या वनस्पतींची नोंद करायची असेल, तर हेतू आणि उद्दिष्टं पुरतात. तिथे ओढूनताणून भाकीत केलं की ते हेतूचंच वाक्य "असेल" लावून पुन्हा लिहिल्यासारखं होतं. दिलेल्या नमुन्यात परिकल्पनेचा रकाना सक्तीचा असेल, तर शिक्षकांना आधी विचारून घ्या.